मलपृष्ठावरच्या शंभर शब्दांची गोष्ट

पुस्तक हातात आले की ते आधी पालथे करून पाहावे, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. मलाही आहे. दुकानदाराने पुढे केलेले पुस्तक आपण उलटतो, मागच्या बाजूला छापलेले दहा-बारा ओळींचे टिपण वाचतो आणि मग ते घ्यायचे की खाली ठेवायचे हे ठरवतो. या टिपणाला प्रकाशक मंडळी 'ब्लर्ब' म्हणतात. कुणी 'पाठराखण' असाही गोड शब्द वापरतात. कादंबरीची पाठ राखायची ती पाठराखण. परंतु राखणदारच घर फोडू लागला तर काय होते, ते माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी मी पाहिले. तेव्हापासून या दहा-बारा ओळींचा इतिहास मी जमेल तसा, इंग्रजी पुस्तकांसाठी शब्दकोश शेजारी ठेवून, वाचत आलो आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीत एक कुटुंब होते. कर्ता भाऊ घर सोडून परागंदा झालेला, मागे त्याची बायको, लहान मूल आणि विधवा बहीण. अकरा वर्षे त्याचे पत्र येत नाही. वाचक जवळजवळ दोनशे पाने त्या बाईबरोबर पोस्टमनची वाट पाहतो. मग एके दिवशी देवघरातल्या जुन्या डब्यात पत्र सापडते. ते पूर्वीच आलेले असते आणि नणंदेने ते दडवलेले असते. तिने तसे का केले, हे वाचकाला तोवर न सांगता समजलेले असावे, अशी माझी धडपड होती. म्हणून तर दोनशे पाने लिहिली.

प्रकाशकांच्या कचेरीत कुणीतरी घाईघाईने पुस्तक चाळले आणि मलपृष्ठावर मजकूर घातला : 'नणंदेने दडवून ठेवलेल्या पत्रामुळे उद्ध्वस्त झालेल्या एका स्त्रीची हृदयद्रावक कहाणी.' मला मजकूर दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. पुस्तक बांधून आले तेव्हा पहिली प्रत मी आत्याला नेऊन दिली. या गोष्टीचे बीज तिच्या आयुष्यातले होते. घटना तीच नव्हे, पण त्या जातीची. ती झोपाळ्यावर बसली होती. तिने पुस्तक उलटले, चष्मा लावून मागचा मजकूर वाचला आणि पुस्तक हळूच बाजूला ठेवले.

"दडवलं हे खरं रे," ती म्हणाली, "पण का दडवलं, ते इथं मागं नाही लिहिलेलं."

पुस्तक तिने उघडले नाही. त्या दिवशी मला जे समजले ते कुठल्याही टीकाकाराने शिकवले नसते. मलपृष्ठावर गुपित फोडले म्हणजे वाचकाची गंमत जाते, एवढेच आपण समजतो. खरे नुकसान त्याहून मोठे असते. जी गोष्ट दोनशे पानांच्या शेवटी कळल्यावर माणसाची कीव येते, तीच पहिल्या ओळीत कळली तर तो आरोप होतो. वाचक न्यायाधीश होऊनच आत शिरतो.

आता थोडा इतिहास. आरंभी अशी लपवालपवी कुणी करीतच नसे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात पुस्तके पुष्कळदा सुट्या किंवा साध्या बांधणीत विकली जात, आणि गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्याची बांधणी करून घेई. मागे मजकूर छापायला मलपृष्ठच नव्हते. जाहिरातीचे सारे काम पहिल्या पानावर, म्हणजे शीर्षकपृष्ठावर पडे. त्या पानाच्या जादा प्रती काढून विक्रेते त्या भिंतींवर आणि खांबांवर चिकटवीत. रस्त्याने जाणाऱ्याला पुस्तकात काय आहे ते तिथेच कळले पाहिजे, म्हणून नाव लांबलचक असे.

डॅनियल डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली निघाली. तिच्या शीर्षकपृष्ठावर काय होते? यॉर्कचा हा खलाशी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, ओरिनोको नदीच्या मुखापाशी, निर्मनुष्य बेटावर २८ वर्षे एकटा राहिला. जहाज फुटून बाकीचे सगळे बुडाले. आणि अखेर चाच्यांच्या हातून त्याची कशी विलक्षण सुटका झाली, तेही यात सांगितले आहे! म्हणजे तो वाचतो हे ठाऊक, किती वर्षांनी सुटतो हे ठाऊक, कुणामुळे सुटतो हेही ठाऊक. तीन वर्षांनी, १७२२ साली, त्याच डीफोची 'मोल फ्लँडर्स' आली. त्या बाईने पाच लग्ने केली आणि त्यांतले एक आपल्या भावाशीच झाले, ही त्या कादंबरीतली सर्वांत हादरवणारी गोष्ट. ती शीर्षकपृष्ठावर कंसात टाकली होती. शेवटी ती श्रीमंत झाली आणि पश्चात्ताप पावून मेली, हेही तिथेच.

तरीही लोकांनी ही पुस्तके हौसेने वाचली, आणि यात आपल्याला नवल वाटायला नको. आपण कीर्तनाला बसतो तेव्हा सीतेला रावण नेणार हे आपल्याला ठाऊक असतेच. हरिदासबुवांचे आख्यान ऐकताना 'पुढे काय' असे कुणी विचारीत नाही. 'बुवा कसे रंगवतात' हे पाहायला माणसे येतात. डीफोच्या वाचकालाही क्रूसोने भाकरी कशी भाजली, कुंपण कसे घातले, यातच गोडी होती. शिवाय हे पुस्तक खऱ्या माणसाने स्वतः लिहिलेले चरित्र आहे, असाच देखावा केलेला होता. चरित्राचा शेवट लपवायचा कशाला?

आपल्याकडेही आरंभी असेच झाले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे पुरते नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे होते. 'अथवा' या एका शब्दापलीकडे पुस्तकाचा सगळा हेतू मांडून ठेवलेला. पुढे हरिभाऊ आपटे आले. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. या नावात ना नायिका, ना विषय, ना शेवट. आहे तो फक्त एक प्रश्न आणि त्यातली कळ. तीस-पस्तीस वर्षांत मराठी कादंबरीचे नाव 'निरूपण' सोडून प्रश्न विचारू लागले. मलपृष्ठाच्या मजकुराला जे साधायचे असते, ते हरिभाऊंनी नावातच साधले, असे मी माझ्यापुरते मानतो.

मधल्या काळात वाचक का बदलला? याचे एक उत्तर या क्रमशः छपाईत आहे. आठवड्याला एक प्रकरण मिळू लागले की वाचक 'कसे' सोडून 'पुढे काय' विचारू लागतो. विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० अशी चालली आणि मग तीन खंडांत पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाच्या प्रस्तावनेत कॉलिन्सने टीकाकारांपुढे एक विनंती मांडली. तिचा भावार्थ असा : माझ्या पुस्तकाची स्तुती करा किंवा निंदा करा, पण गोष्ट सांगू नका. लेखकाने शेकडो पानांत जी गोष्ट उलगडली, ती चार ओळींत सांगून तुम्ही लेखकाचे भले करीत नाही आणि वाचकाचेही नाही. कथेची ओढ कुतूहलावर आणि विस्मयावर उभी असते, आणि तुम्ही ती दोन्ही आधीच मारून टाकता.

डीफोच्या शीर्षकपृष्ठापासून या प्रस्तावनेपर्यंत १४१ वर्षे झाली. तेवढ्या काळात कादंबरीकाराला आपल्या गोष्टीवर पहारा बसवावासा वाटू लागला. पण पहारा बसवायची जागा, म्हणजे पुस्तकाचे वेष्टन, अजून तयार व्हायची होती.

त्या वेष्टनाची कथाही मजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये नाताळात भेट द्यायची सुंदर वार्षिके निघत. आपल्या दिवाळी अंकांची ती दूरची भावंडेच म्हणा. त्यांची बांधणी रेशमी असे आणि ती मळू नये म्हणून वर कागद गुंडाळीत. 'फ्रेंडशिप्स ऑफरिंग' नावाच्या अशाच एका वार्षिकाचे १८२९ सालचे वेष्टन ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात २००९ साली उजेडात आले. पुस्तकांच्या वेष्टनांपैकी जी आज ठाऊक आहेत, त्यांतले ते फार जुने. पुडक्यासारखे चहूबाजूंनी गुंडाळून लाखेने बंद केलेले. गिऱ्हाईक ते फाडी, कागद टाकून देई आणि पुस्तक कपाटात ठेवी. म्हणूनच जुनी वेष्टने आज इतकी दुर्मिळ आहेत. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुले पुस्तकांना खाकी कागद घालतात ना, तसेच हे. पुस्तक जपायचे, बोलायचे काही नाही.

तो मुका कागद हळूहळू बोलू लागला. आधी पुस्तकाचे नाव, मग किंमत, मग इतर पुस्तकांची यादी, आणि शतक सरता सरता पुस्तकाची तारीफ. ही तारीफ लवकरच इतकी बेसुमार झाली की तिची टिंगल करायला एक विनोदकार धावून आला. १९०७ साली अमेरिकन पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक मेजवानीसाठी जेलेट बर्जेसने आपल्या पुस्तकाच्या काही प्रतींवर खास वेष्टन चढवले. त्यावर तोंडाशी हात नेऊन जोराने आरोळी ठोकणारी एक तरुणी होती, आणि तिचे नाव ठेवले होते मिस बेलिंडा ब्लर्ब. आजचा 'ब्लर्ब' हा शब्द तिच्यापासून रूढ झाला. म्हणजे ज्या नावाने प्रकाशक आज हा मजकूर गंभीरपणे मागतात, ते नाव मुळात एका थट्टेचे आहे.

परंतु थट्टेने हे काम संपले नाही. लंडनच्या फेबर या प्रकाशनसंस्थेत १९२५ साली टी. एस. एलियट हा कवी दाखल झाला आणि १९६५ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. एवढा मोठा कवी, पण दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या वेष्टनांसाठी आणि यादीपत्रकांसाठी तो वर्षानुवर्षे असा मजकूर लिहीत होता. खाली सही नाही, नाव नाही. बेलिंडाबाई ओरडत होत्या आणि एलियट हळू आवाजात सांगत होता. आजच्या मलपृष्ठांवर हे दोन्ही आवाज ऐकू येतात. मला दुसरा हवा होता.

कारण माझी दुसरी कादंबरी लिहून झाली आणि या खेपेला मी प्रकाशकांना म्हटले, मागचा मजकूर मी देईन. ते आनंदाने हो म्हणाले. माझी फजिती पुढे झाली. अडीचशे पाने लिहायला मला तीन वर्षे लागली होती, आणि शंभर शब्द लिहायला मी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली.

कादंबरीचे नाव 'तर'. खाडीच्या एका काठावर भिकाजी तांडेलाची तर चालते. बापजाद्यांपासून माणसे पैलतीरी नेण्याचे त्याचे काम. खाडीवर पूल मंजूर होतो. त्याची मुलगी शेवंती शिकलेली, आणि पुलाच्या ठेकेदाराकडे तिला हजेरीपट लिहिण्याची नोकरी लागते. घरात तिचा पगार येऊ लागतो आणि बाप तिच्याशी बोलणे टाकतो. येथपर्यंतचा भाग साठ पानांत येतो. पुढे जे होते ते मी इथेही सांगणार नाही.

माझा पहिला खर्डा बेलिंडाबाईंच्या वळणाचा झाला : 'कोकणच्या मातीचा गंध ल्यालेली, मानवी मनाचा ठाव घेणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी कलाकृती.' वाचून मलाच लाज वाटली. यात खाडी नाही, तर नाही, शेवंती नाही. हे शब्द कुठल्याही पुस्तकामागे चिकटवता येतील, आणि कुठेही चिकटणारा मजकूर कुणालाच ओढून घेत नाही.

दुसरा खर्डा नेमका उलट झाला. त्यात मी गोष्ट सांगत सुटलो आणि शेवटच्या वाक्यात लिहिले, 'आणि मग त्या वादळी रात्री शेवंतीला जे कळते, त्याने सारेच बदलून जाते.' मला वाटले, मी काहीच सांगितले नाही. माझ्या पत्नीने कादंबरी आधी वाचली होती. ती म्हणाली, "रात्र सांगितलीत, वादळ सांगितलंत, कळणार हेही सांगितलंत. आता वाचणारा पहिल्या ढगापासून तिची वाट बघत बसेल." तिचे म्हणणे खरे होते. कलाटणी कोणती हे न सांगताही ती आहे आणि अमुक ठिकाणी आहे, एवढे सांगितले तरी अर्धी जातेच. तेव्हापासून 'अनपेक्षित वळण', 'धक्कादायक सत्य', 'शेवटी', 'खरा' असे शब्द मी वर्ज्य केले. 'खरा' हा तर फार फितूर शब्द. 'खऱ्या बापाचा शोध' असे लिहिले की घरातला बाप खोटा, हे तिथेच फुटते.

तिसऱ्या खर्ड्यासाठी मी एक सीमा आखून घेतली. कादंबरीतली माणसे ज्या निर्णयानंतर मागे फिरू शकत नाहीत, असा पहिला निर्णय कुठे आहे ते शोधायचे, आणि मजकुरातले सारे त्या पानाच्या अलीकडचेच घ्यायचे. माझ्या पुस्तकात ते पान चौसष्टावे होते. बहुतेक कादंबऱ्यांत ते पहिल्या चतुर्थांशाच्या आसपास येते असे मला आढळले. त्या सीमेच्या आत राहून तीनच गोष्टी सांगायच्या : माणूस कोण, त्याला काय हवे आहे, आणि ते मिळवताना त्याचे काय जाईल. दोन्ही वाटांवर काही गमवायचे असेल तरच तो संघर्ष. शेवंतीने नोकरी धरली तर बाप जातो, सोडली तर घराची चूल आणि तिचे स्वतःचे पाऊल. वाक्य त्या दुहेरी पेचापाशी थांबवायचे, पुढे जायचे नाही.

इथे मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते. ती इंग्रजी लेखकाला फारशी ठाऊक नसावी. आपले क्रियापद चहाडखोर आहे. माझ्या कथेत पुलाविरुद्ध कुणीतरी निनावी अर्ज करते. ते कोण, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मी सहज लिहून गेलो, 'गावातून अर्ज करणारा कोण?' आणि थबकलो. 'करणारा' म्हटले की निम्मे गाव सुटले, 'करणारी' म्हटले तर उरलेले निम्मे. इंग्रजीत असे वाक्य लिंग न सांगता लिहिता येते. आपल्याकडे 'आला', 'आली', 'गेला', 'गेली' म्हणताच गुपिताचे एक दार उघडते. आदरार्थी बहुवचनाचेही तसेच. ज्याला पूर्वार्धात सगळे 'तो' म्हणतात, त्याच्याविषयी मजकुरात 'ते आले' असे लिहिले, तर चाणाक्ष वाचक ओळखतो की हा माणूस पुढे कुणीतरी मोठा निघणार. मेलेल्या माणसाविषयी 'होता' लिहिण्याचे पाप तर मी अनेक मलपृष्ठांवर पाहिले आहे. 'तिचा नवरा हा तिचा एकुलता आधार होता,' असे वाचले की गरिबाचे मरण पक्के समजावे.

यावर उपाय साधा आहे. माणसाला कर्ता न करता कागदाला, वस्तूला किंवा गावाला कर्ता करायचे. 'निनावी अर्ज जाऊ लागतात.' अर्ज जातात, धाडणारी व्यक्ती वाक्यात येतच नाही. आणि सबंध मजकूर वर्तमानकाळात ठेवायचा. वर्तमानकाळात कुणी मेलेले नसते.

उरले ते सत्य. गुपित राखायचे म्हणून खोटे सांगायची मुभा नाही. मजकूर वाचून एका गोष्टीची अपेक्षा धरावी आणि पुस्तकात दुसरीच निघावी, तर वाचक ते विसरत नाही. मी स्वतःसाठी एक कसोटी लावली. कादंबरी संपवून वाचक पुन्हा मलपृष्ठाकडे वळला, तर तिथले प्रत्येक वाक्य त्याला खरे वाटले पाहिजे, आणि आधीपेक्षा त्यात थोडे अधिक दिसले पाहिजे.

शेवटी हा मजकूर उभा राहिला :

'खाडीच्या या काठावर भिकाजी तांडेलाची तर आहे आणि पैलतीरी तालुक्याचा रस्ता. मधले पाणी हीच त्याची शेती. पूल मंजूर होतो, खांबांसाठी खड्डे पडू लागतात आणि त्या कामाचा हजेरीपट लिहायला बसते ती त्याचीच मुलगी, शेवंती. तिच्या पगाराने घरात दोन वेळची चूल पेटते. त्याच घरात बाप तिच्या हातचे पाणी घेत नाही. गावातून निनावी अर्ज जाऊ लागतात. ठेकेदार शेवंतीला विचारतो, गावाला वाटते तिलाच ठाऊक आहे, आणि भिकाजी काहीच विचारीत नाही. तिने लेखणी खाली ठेवली तर घर थांबते. नाही ठेवली तर तर थांबते. पावसाला अजून तीन महिने आहेत.'

शेवटच्या वाक्याविषयी एवढेच सांगतो. 'वादळी रात्र' काढली तेव्हा तिच्या जागी हे वाक्य आले. खाडीकाठच्या वाचकाला पाऊस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्यात वेळेची मुदत आहे, पण घटना नाही. आणि 'नाही ठेवली तर तर थांबते' यातली शब्दांची ठेच मी मुद्दाम राहू दिली. पुस्तकाचे नावच त्या ठेचेत आहे.

मजकूर पारखायला मी दोन माणसे निवडली. एक पत्नी, जिने कादंबरी वाचली होती. दुसरे आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर, ज्यांनी वाचली नव्हती आणि वाचण्याचा संभवही नव्हता. पत्नीला विचारले, "यात काही फुटले का?" मास्तरांना विचारले, "पुढे काय होईल असे वाटते?" पत्नी नाही म्हणाली. मास्तरांनी मधल्या सुट्टीत चहा पिता पिता तीन अंदाज बांधले आणि तिन्ही चुकले. पण निरोप घेताना ते म्हणाले, "गुरुजी, तो बाप काहीच का विचारीत नाही हो?" तेव्हा मी निश्चिंत झालो. अंदाज बरोबर आला असता तर मजकूर फसला होता. त्यांनी काहीच विचारले नसते, तरीही फसलाच होता. चुकीचे उत्तर आणि बरोबर प्रश्न, हेच मला हवे होते.

पुस्तक छापून आले. पहिली प्रत घेऊन मी पुन्हा आत्याकडे गेलो. आता ती झोपाळ्यावर फार वेळ बसू शकत नाही, खाटेवरच असते. तिने पुस्तक घेतले आणि सवयीप्रमाणे पालथे केले. माझ्या पोटात गोळा आला. ओठ हलवीत तिने सगळा मजकूर वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"पोरीनं नोकरी सोडली का रे?" तिने विचारले.

"तूच वाच," मी म्हणालो.

ती थोडी हसली. पुस्तक उलटून तिने पहिले पान काढले. मी उठून दाराशी गेलो तेवढ्यात तिने हाक मारली.

"अरे, ते तुझं आधीचं पुस्तक आहे ना, ते पण आण उद्या. तुमच्या शाळेतला खाकी कागद असेल बघ. त्याला कव्हर घालून आण."

त्या रात्री मी कात्री, खाकी कागद आणि खळ घेऊन बसलो. दरवर्षी जूनमध्ये मुलांना शिकवतो तशा कडा मुडपल्या, मागचा मजकूर नीट झाकला आणि वर काहीच लिहिले नाही.